लिलावाच्या भिशीचा तक्ता: कोणी किती भरलं, किती सोडलं आणि शेवटी कोणाला काय पडलं

भिशीची वही बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने लिहिलेली असते. उभ्या रांगेत नावं, आडव्या रांगेत महिने आणि हप्ता आला की चौकटीत बरोबरची खूण. पाळीच्या भिशीत, म्हणजे दर महिन्याला तेवढाच हप्ता आणि ठरलेल्या क्रमाने पूर्ण रक्कम, एवढी वही पुरते. लिलाव आला की मात्र ती अपुरी पडते, कारण दर महिन्याचा हप्ता वेगळा असतो, उचलणाऱ्याच्या हाती पडणारी रक्कम वेगळी असते आणि "मला या भिशीत फायदा झाला की तोटा?" या प्रश्नाचं उत्तर खुणांवरून निघत नाही.

आमच्या गल्लीतल्या दहाजणांच्या भिशीची वही काही वर्षं माझ्याकडे होती. पहिल्या वर्षी मीही खुणाच केल्या. भिशी संपली तेव्हा दोघीजणी हिशोब विचारायला आल्या आणि मला तो देता आला नाही. पैसे कुठेही गेले नव्हते, सगळ्यांना सगळं मिळालं होतं, पण कोणाला ही भिशी कितीला पडली हे माझ्या वहीत कुठेच नव्हतं. त्यानंतर मी मोबाइलवर गूगल शीट्समध्ये तक्ता केला. तोच इथे देते आहे. एक्सेलमध्येही तो जसाच्या तसा चालतो.

तक्त्याकडे वळण्याआधी कायद्याचं सांगायला हवं, कारण ते मला उशिरा कळलं. चिट फंड कायदा, १९८२ प्रमाणे हप्त्याने पैसे गोळा करून लिलावाने किंवा चिठ्ठी टाकून एकेकाला रक्कम देणं म्हणजे 'चिट'. ती सुरू करायला आधी सरकारी मंजुरी आणि नोंदणी लागते. त्याच कायद्याच्या व्याख्येखालच्या स्पष्टीकरणात म्हटलं आहे की सगळ्या सदस्यांना पाळीपाळीने पूर्ण रक्कम मिळते आणि पुढचे हप्ते भरण्याची जबाबदारी राहते, असा व्यवहार चिट ठरत नाही. म्हणजे ठरलेल्या क्रमाची भिशी या व्याख्येबाहेर राहते आणि लिलावाची आत येते. किती रकमेपर्यंतच्या चिटला हा कायदा लागू करायचा नाही, ते ठरवण्याचा अधिकार २०१९ च्या दुरुस्तीने राज्य सरकारला दिला आहे. त्यामुळे लिलाव सुरू करण्याआधी चिट निबंधकांच्या कार्यालयात विचारून घ्या. आम्ही हे समजल्यावर लिलाव बंद केला आणि पाळीची भिशी सुरू केली. तक्ता तोच राहिला, फक्त बोलीच्या रकान्यात शून्य येतं. नोंदणी असलेल्या चिट फंडात पैसे गुंतवणाऱ्यालाही आपलं पासबुक याच तक्त्यात उतरवून तपासता येतं. तिथे चालकाचं कमिशन वजा होतं, कायद्याने ते जास्तीत जास्त ७ टक्के असू शकतं, तेवढा एक रकाना वाढवायचा.

आधी तोंडी ठरवायचं, मग तक्ता

खाली जो हिशोब मांडला आहे तो दहाजणांचा, ५,००० रुपये हप्त्याचा, दहा महिन्यांचा आहे. पूर्ण भिशी ५०,००० ची. पहिल्या महिन्याची भिशी बोली न लावता चालकाची. दुसऱ्यापासून नवव्या महिन्यापर्यंत लिलाव. ज्याला पैसे हवेत तो किती रक्कम सोडायला तयार आहे ते सांगतो, सर्वांत जास्त सोडणारा भिशी उचलतो. सोडलेली रक्कम दहाजणांत सारखी वाटली जाते आणि त्या महिन्याच्या हप्त्यातून वजा होते. दहाव्या महिन्यात एकच सदस्य उरलेला असतो, त्याला पूर्ण रक्कम मिळते.

यातल्या दोन गोष्टींवर भांडणं होतात. पहिली म्हणजे 'बोली' या शब्दाचा अर्थ. काही गटांत "नऊ हजार" म्हणजे नऊ हजार सोडले, तर काही गटांत "एकेचाळीस" म्हणजे एकेचाळीस हजारांत भिशी घेतली. व्यवहार एकच, पण वहीत एका महिन्याला ९,००० आणि दुसऱ्या महिन्याला ४१,००० लिहिलं की पुढचं सगळं बिघडतं. माझ्या तक्त्यात बोली म्हणजे सोडलेली रक्कम, दुसरं काही नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे: सोडलेली रक्कम कोणात वाटायची? इथे ती सगळ्या दहाजणांत वाटली आहे, उचलणाऱ्यालाही वाटा मिळतो आणि आधी उचलून बसलेल्यांनाही. काही गटांत मात्र ज्यांनी अजून उचललेली नाही त्यांनाच वाटा देतात. हा फरक किरकोळ वाटतो, पण तसा तो नाही. दुसऱ्या महिन्यात ९,००० सोडून भिशी उचलणाऱ्याला पहिल्या पद्धतीत भिशी संपेपर्यंत ४,७०० रुपये पडतात, दुसऱ्या पद्धतीत पूर्ण ९,०००. नव्याने येणाऱ्याने पैसे भरण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच.

याशिवाय बोली १०० च्या पटीत असावी, म्हणजे दहाने भागल्यावर सुटे पैसे येत नाहीत. जास्तीत जास्त किती सोडता येईल याची मर्यादा असावी. आम्ही १०,००० ठेवली होती. गरजेपोटी माणूस भलतं बोलून जातो आणि मग त्यालाच हप्ते झेपत नाहीत. दोन बोली सारख्या आल्या किंवा कोणीच बोललं नाही तर काय करायचं तेही आधीच ठरवा. एखाद्याने दोन नंबर घेतले असतील तर त्याच्या दोन ओळी करा, दोघांनी मिळून एक नंबर घेतला असेल तर एकच ओळ आणि एकच जबाबदार माणूस.

पहिलं पान: लिलाव

तक्त्यात तीन पानं लागतात. त्यांची नावं `Boli`, `Hapte` आणि `Hishob` अशी रोमन अक्षरांत ठेवा, म्हणजे सूत्र टाइप करताना कीबोर्ड बदलावा लागत नाही.

`Boli` या पानावर `B1` मध्ये सदस्यसंख्या १०, `B2` मध्ये हप्ता ५,००० आणि `B3` मध्ये `=B1*B2`. पाचव्या ओळीत मथळे: महिना, तारीख, उचलणाऱ्याचा क्रमांक, बोली, हाती, वाटा, देय हप्ता. सहाव्या ते पंधराव्या ओळीत दहा महिने. तारीख, क्रमांक आणि बोली हाताने भरायचं, बाकीचं सूत्र भरतं. सहाव्या ओळीत `E`, `F`, `G` या रकान्यांत अनुक्रमे ही सूत्रं लिहा आणि खाली ओढा:

```
=IF(C6="","",$B$3-D6)
=IF(C6="","",D6/$B$1)
=IF(C6="","",$B$2-F6)
```

उचलणाऱ्याचा क्रमांक भरेपर्यंत ओळ रिकामी राहते, म्हणून पुढच्या महिन्यांचे खोटे आकडे बेरजेत येत नाहीत. पहिल्या महिन्यात बोली शून्य असली तरी क्रमांक भरायला विसरू नका.

दुसऱ्या महिन्याचं उदाहरण घेऊ. शिलाई मशीन घ्यायची असलेल्या एका ताईंनी ९,००० सोडले. त्या सदस्य क्रमांक २. हाती ४१,०००, प्रत्येकाचा वाटा ९००, देय हप्ता ४,१००. दहा हप्ते मिळून ४१,००० होतात, म्हणजे गोळा झालेलं आणि दिलेलं बरोबर जुळतं. हप्त्याची रक्कम लिलावानंतरच ठरते, म्हणून लिलाव आधी आणि हप्ते नंतर असाच क्रम ठेवा. आमच्याकडे ५ तारखेला लिलाव, ७ पर्यंत हप्ते आणि ८ ला रक्कम असं होतं.

इथेच नवी माणसं एक चूक करतात. उचलणाऱ्या ताईंनाही स्वतःचा ४,१०० चा हप्ता भरायचा असतो. तो कापून त्यांच्या हातात ३६,९०० दिले जातात आणि वहीत ३६,९०० लिहिलं जातं. मग हप्त्याच्या पानावर त्यांची चौकट एक तर रिकामी राहते किंवा तिथे ४,१०० पुन्हा येतात, आणि दोन्ही आकडे जुळत नाहीत. पैसे हवे तर कापून द्या, पण नोंद पूर्ण करा: मिळाले ४१,०००, भरले ४,१००.

दुसरं पान: हप्ते

`Hapte` या पानावर पहिल्या ओळीत `C1` पासून `L1` पर्यंत १ ते १० हे महिन्यांचे आकडे लिहा. `A2` ते `A11` सदस्य क्रमांक, `B` मध्ये नावं. चौकटीत फक्त प्रत्यक्ष आलेली रक्कम लिहायची. बरोबरची खूण नाही, 'येणार' नाही, 'दिले म्हणाले' नाही. पैसे खात्यात दिसल्यावर किंवा हातात आल्यावरच आकडा.

बाराव्या ओळीचं नाव 'चालकाने घातले'. कोणाचा हप्ता अडला तरी उचलणाऱ्याला ८ तारखेला पूर्ण रक्कम द्यावीच लागते, आणि ती भर बहुतेक वेळा चालक आपल्या खिशातून घालतो. ही भर कुठेच लिहिली गेली नाही तर दोन महिन्यांनी कोणालाच आठवत नाही. तेराव्या ओळीत बेरीज, चौदाव्या ओळीत दिलेल्या रकमेशी तुलना:

```
=SUM(C2:C12)
=IFERROR(C13-INDEX(Boli!$E$6:$E$15,C$1),"")
```

चौदाव्या ओळीत प्रत्येक झालेल्या महिन्याखाली शून्य दिसलं पाहिजे. समजा चौथ्या महिन्यात देय हप्ता ४,२०० होता आणि सदस्य ६ कडून ३,००० च आले. त्याच्या चौकटीत ३,०००, बाराव्या ओळीत १,२००. पुढे त्याने ते १,२०० दिले की त्याच्या चौकटीत ४,२०० करा, टिपेत उरलेले पैसे दिल्याची तारीख टाका आणि बाराव्या ओळीतले १,२०० काढा. उशिराचा दंड लावत असाल तर तो या चौकटीत मिसळू नका, वेगळ्या रकान्यात लिहा. दंड हप्त्यात मिसळला की माणूस वेळेवर भरणारा आहे असंच तक्त्यावरून वाटू लागतं.

`M` रकान्यात बाकी दाखवा: `=SUM(Boli!$G$6:$G$15)-SUM(C2:L2)`. शून्याहून मोठा आकडा म्हणजे तेवढं येणं आहे.

तिसरं पान: कोणाला काय पडलं

`Hishob` या पानावर प्रत्येक सदस्याची एक ओळ, `Hapte` च्याच क्रमाने: `A2` पासून सदस्य क्रमांक, `B` मध्ये नावं. `C` आजवर देय, `D` मिळालेली रक्कम, `E` भरलेली रक्कम, `F` निव्वळ.

```
=SUM(Boli!$G$6:$G$15)
=SUMIF(Boli!$C$6:$C$15,A2,Boli!$E$6:$E$15)
=SUM(Hapte!C2:L2)
=D2-E2
```

`F` ची बेरीज हा सगळ्या तक्त्याचा कणा आहे. भिशीत बाहेरून पैसे येत नाहीत, व्याज कुठून मिळत नाही. एकाने सोडलेलं तेच दुसऱ्याला मिळतं. म्हणून `F` ची बेरीज प्रत्येक महिन्याच्या अखेरीस शून्य यायलाच हवी. वरच्या उदाहरणात ती १,२०० आली असती: तेवढे पैसे चालकाच्या खिशातून गेले आहेत आणि परत यायचे आहेत. बेरीज उणे आली तर त्याचा अर्थ पैसे गोळा झाले पण पोचवले नाहीत, किंवा कोणाचा आगाऊ हप्ता पडून आहे. तसं दिसलं तर त्याच दिवशी विचारा.

आमच्या लिलावाच्या भिशीचा दहा महिन्यांचा तक्ता असा होता. वाचायला सोपं जावं म्हणून सदस्यांना ज्या महिन्यात उचलली तोच क्रमांक दिला आहे.

| महिना आणि सदस्य | बोली | हाती | देय हप्ता | शेवटी निव्वळ |
|---|---|---|---|---|
| १ (चालक) | ० | ५०,००० | ५,००० | +४,३०० |
| २ | ९,००० | ४१,००० | ४,१०० | −४,७०० |
| ३ | ७,५०० | ४२,५०० | ४,२५० | −३,२०० |
| ४ | ८,००० | ४२,००० | ४,२०० | −३,७०० |
| ५ | ६,००० | ४४,००० | ४,४०० | −१,७०० |
| ६ | ५,००० | ४५,००० | ४,५०० | −७०० |
| ७ | ४,००० | ४६,००० | ४,६०० | +३०० |
| ८ | २,५०० | ४७,५०० | ४,७५० | +१,८०० |
| ९ | १,००० | ४९,००० | ४,९०० | +३,३०० |
| १० | ० | ५०,००० | ५,००० | +४,३०० |

आठ लिलावांत मिळून ४३,००० सोडले गेले, प्रत्येकाच्या वाट्याला ४,३०० आले. म्हणून प्रत्येकाने दहा महिन्यांत ५०,००० ऐवजी ४५,७०० भरले. ज्याच्या हाती याहून कमी पडले त्याला खर्च, जास्त पडले त्याला फायदा. शेवटचा रकाना बेरजेला शून्य येतो: पाचजणांचे १४,००० गेले, पाचजणांना १४,००० मिळाले.

चौथ्या महिन्याची बोली तिसऱ्यापेक्षा मोठी आहे. तो जूनचा महिना होता आणि तिघांना एकदम शाळेच्या फीसाठी पैसे हवे होते. बोली महिन्यागणिक आपोआप उतरत जाते असं नाही, त्या महिन्यात गरजू किती आहेत त्यावर ती ठरते. पैसे लागणार हे आधी माहीत असेल तर गर्दीच्या एक महिना आधी उचलणं कधीकधी स्वस्त पडतं.

मधल्या महिन्यांत निव्वळ रकाना कसा वाचायचा

भिशी चालू असताना `F` रकाना फसवा असतो. दुसऱ्या महिन्याअखेर ताईंच्या ओळीत +३१,९०० दिसत होते, कारण ४१,००० मिळाले आणि ९,१०० च भरले होते. हा फायदा नाही, पुढे फेडायचं आहे. म्हणून `G` मध्ये मी आणखी एक आकडा ठेवते: यापुढे कोणीच काही सोडलं नाही, सगळे हप्ते पूर्ण ५,००० चे आले, तर या सदस्याला जास्तीत जास्त किती पडेल?

```
=IF(D2=0,"",D2-C2-(Boli!$B$1-COUNT(Boli!$C$6:$C$15))*Boli!$B$2)
```

ताईंसाठी तो आकडा −८,१०० होता. पुढच्या प्रत्येक लिलावात त्यांनाही वाटा मिळत गेला आणि तो शेवटी −४,७०० वर आला. बोली लावण्याआधी त्याचा क्रमांक आणि अंदाजाची बोली घालून हा आकडा माणसाला दाखवला पाहिजे. ८,१०० पडले तरी चालेल का, असा प्रश्न विचारला की बोली आपोआप विचाराने लागते.

`H` मध्ये 'उचलून बाकी' लिहा, म्हणजे रक्कम घेतलेल्या सदस्याचे किती रुपयांचे हप्ते अजून यायचे आहेत:

```
=IF(D2=0,0,(Boli!$B$1-COUNT(Boli!$C$6:$C$15))*Boli!$B$2)
```

याची बेरीज मला पहिल्यांदा दिसली तेव्हा मी दचकले. पहिल्या महिन्यानंतर ती ४५,००० असते, मग वाढत जाऊन पाचव्या महिन्यानंतर १,२५,००० होते आणि नंतर उतरते. पाच माणसं रक्कम घेऊन बसली आहेत आणि प्रत्येकाचे पाच हप्ते यायचे आहेत. भिशी बुडायची तर ती सुरुवातीला किंवा शेवटी नाही, मध्यावर बुडते. म्हणून उचलणाऱ्याचा जामीन अजून न उचललेल्या सदस्यांतून घ्यावा. ज्याचे स्वतःचे पैसे अडकलेले आहेत तोच दुसऱ्याच्या दारात जाऊन हप्ता मागतो. हप्ता पहिल्यांदा तीन-चार दिवस उशिरा येतो, पुढच्या महिन्यात अर्धा येतो, मग फोन उचलला जात नाही. उचललेल्या माणसाच्या `M` रकान्यात बाकी दिसली की जामीनदाराला त्याच महिन्यात सांगा.

४,७०० रुपये म्हणजे किती टक्के?

४१,००० घेतले आणि ४,७०० पडले, म्हणजे साधारण साडेअकरा टक्के, असं सगळेच मांडतात. हा हिशोब चुकीचा आहे. ताईंना ४१,००० दहा महिने वापरायला मिळाले नाहीत. त्यांनी पुढच्याच महिन्यापासून ते फेडायला सुरुवात केली, आणि एक हप्ता तर रक्कम मिळण्याआधीच भरला होता. कोऱ्या पानावर `A1` ते `A10` मध्ये दर महिन्याची आवकजावक लिहा, दिले ते उणे, मिळाले ते अधिक: −५,०००, मग ३६,९००, मग −४,२५०, −४,२००, −४,४००, −४,५००, −४,६००, −४,७५०, −४,९००, −५,०००. खाली हे सूत्र:

```
=IRR(A1:A10,0.02)
```

चौकट टक्केवारीत करून एक दशांश स्थळ दाखवा, नाहीतर नुसतं ३ टक्के दिसू शकतं. उत्तर ३.२ टक्के येतं, आणि ते महिन्याचं आहे. वर्षाला साधं १२ ने गुणलं तर सुमारे ३८ टक्के. सोनं तारण ठेवून किंवा पतसंस्थेतून ताईंना त्या वेळी याहून स्वस्तात पैसे मिळाले असते का, हे आम्ही कोणी विचारलंच नव्हतं. बोली लावण्याआधी तुमच्या पतसंस्थेचा दर विचारून या आकड्याशेजारी लिहा. पुढचे लिलाव माहीत नसतात, तेव्हा अंदाजाच्या बोली घालून हेच गणित दोन-तीन वेळा करून पाहता येतं.

शेवटच्या सदस्याचं गणित उलट आहे. ते निवृत्त काका. नऊ महिने हप्ते भरले, दहाव्या महिन्यात ५०,००० घेतले, फायदा ४,३००. त्यांच्या ओळीचा दर महिन्याला २ टक्के येतो. बँकेच्या ठेवीशी तुलना करून त्यांनी तो सगळ्यांना सांगितला आणि पुढच्या वर्षी तिघेजण 'शेवटीच उचलणार' म्हणून आले. पण काकांचे पैसे नऊ महिने नऊ घरांच्या शब्दावर होते, कोणतंही तारण नव्हतं. दोन टक्क्यांत त्या जोखमीची किंमतही धरलेली असते. मधल्या, सहाव्या-सातव्या महिन्यात उचलणाऱ्यांसाठी हे सूत्र वापरू नका. त्यांची अर्धी भिशी बचत असते, अर्धी कर्ज, आणि सूत्र निरर्थक दर दाखवू शकतं. त्यांच्यासाठी रुपयांतला निव्वळ आकडाच खरा.

चालकाची ओळ मात्र नीट पाहा. चालकालाही +४,३०० आणि काकांनाही +४,३००. रकाना दोघांना सारखंच म्हणतो. पण काकांनी नऊ महिने थांबून ते मिळवले, चालकाला ५०,००० पहिल्याच महिन्यात मिळाले आणि परत करायचे ४५,७०० च होते. हे चालकाचं मेहनताण्यासारखं आहे आणि मला ते गैर वाटत नाही, पण एका अटीवर: अडलेला हप्ता चालकाने स्वतः घालायचा, आणि ती अट सुरुवातीच्या कागदावर लिहिलेली असायची. बाराव्या ओळीत वर्षभर एकही आकडा कधी आलाच नाही आणि उचलणाऱ्यांना मात्र उशिरा पैसे मिळाले, असं दिसलं तर चालक पहिली भिशी कशाबद्दल घेतो हे विचारायचा सदस्यांना हक्क आहे.

दर महिन्याला आणि शेवटच्या दिवशी

तक्ता सगळ्यांना पाहता यावा, पण बदलता एकालाच यावा. गूगल शीट्समध्ये लिंक देताना फक्त पाहण्याची परवानगी ठेवा. पैसे दिल्यावर त्या महिन्याच्या तिन्ही पानांचा स्क्रीनशॉट गटावर टाकायचा, म्हणजे मागचा आकडा नंतर बदलला तर कोणालाही ताडून पाहता येतो. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी मी त्यांची एक ओळ कागदावर उतरवून द्यायचे: या महिन्याची बोली, तुमचा हप्ता, आजवर भरलेले, मिळालेले.

दहाव्या महिन्याची रक्कम दिल्यावर आधी तीन ठिकाणं पाहा. `Hapte` ची चौदावी ओळ सगळी शून्य, बारावी ओळ रिकामी, `F` ची बेरीज शून्य. मग `Hishob` चं पान छापून घ्या, प्रत्येकाला त्याच्या ओळीतले भरले, मिळाले आणि निव्वळ हे तीन आकडे वाचून दाखवा आणि ओळीसमोर सही घ्या. नवी भिशी सुरू करायची असेल तर या सह्या झाल्यावरच, आणि नव्या फाइलमध्ये. मागच्या भिशीची बाकी पुढच्या भिशीच्या पहिल्या हप्त्यात वळती करून घेतली की दोन्ही हिशोब कधीच जुळत नाहीत.